दोस्त गेला, आपण भावकीतले नव्हे: त्याच्या घरी काय बोलायचं, आणि आपलं काय करायचं

प्रश्न: माझा बावीस वर्षांपासूनचा दोस्त गेल्या सोमवारी हार्ट अटॅकनं गेला. वय बेचाळीस. बेळगावला उद्यमबागेत एकाच कारखान्यात आम्ही, तो मशीनवर, मी क्वालिटीत. रक्षाविसर्जनाला गेलो, मागं उभा राहून परत आलो. घरात त्याची आई, वैनी, नववीतला मुलगा, सहा वर्षांची मुलगी. मी काय भावकीतला नव्हे. घरी जाऊन बोलू काय? आदल्या दिवशी तो छातीत जळजळतंय म्हणाला होता, मी म्हटलं सोडा पी. हे कुणाला सांगितलेलं नाही. झोप लागत नाही. बायको म्हणते, सख्खा भाऊ गेल्यागत काय करून घेतलायस.

उत्तर:

येत्या दोन-तीन दिवसांत जा. रक्षाविसर्जनाच्या गर्दीत कोण आलं, कोण नाही, हे घरच्यांना आठवतसुद्धा नाही. घरी भेटायला जाणं वेगळं, आणि ते तुमचं राहिलंय. जितकं लांबवाल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं. तेराव्यानंतर गेलात तर सुरुवातीची पाच मिनिटं आधी का आलो नाही हे सांगण्यात जातील, आणि ते ऐकून घ्यायचं ओझं त्यांच्यावर.

सकाळी दहा ते साडेअकरा किंवा दुपारी साडेचार ते सहा ही वेळ बरी. जेवणाच्या वेळा टाळा. काही घरांत भेटायला यायचे वार पाळतात, तेवढं शेजारी विचारून घ्या. बायकोला बरोबर न्या. नवरा गेलेल्या बाईकडे परका पुरुष एकटा बसून गेला की गल्लीत कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही आणि ती निस्तरावी लागते वैनींना, हे एक कारण. दुसरं तुमच्या घरातलं आहे. तुमच्या बायकोनं तो माणूस तुमच्या तोंडून ऐकलाय, त्याचं घर आतून पाहिलेलं नाही. तिथं अर्धा तास बसली तर 'सख्खा भाऊ गेल्यागत' हे वाक्य तिच्या तोंडून पुन्हा येणार नाही, निदान त्या सुरात तरी.

एकूण वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. आत गेल्यावर बसायची जागा शोधत उभे राहू नका. जमखाना अंथरलेला असेल तिथं बसा. आधी त्याच्या आईकडे, मग वैनींकडे. या घरात सगळे तुम्हाला ओळखतात असं धरू नका. डोळे रडून सुजलेले, चार रात्री झोप नाही, अशा माणसाला ओळखीचा चेहराही लागत नाही. म्हणून स्वतः सांगा: "आई, मी त्याच्याबरोबर कारखान्यात असतो, बावीस वर्षं." मग त्याचं नाव घ्या. घरात येणारे सगळे 'तो', 'ते', 'बिचारा' म्हणत असतात, नाव घ्यायचं टाळतात. ज्या नावानं तुम्ही त्याला हाक मारत होता ते तुमच्या तोंडून आलं की आई रडेल. रडू द्या. तुमच्यामुळं रडली असं नाही, ती रडतच होती.

त्यापुढं एकच वाक्य पुरे: "काय बोलावं कळत नाही, म्हणून नुसता आलोय." हे खरं आहे, त्यामुळं ते उच्चारताना जीभ अडखळत नाही. त्यानंतर गप्प बसा. पहिल्या दोन मिनिटांची शांतता बहुतेकांना सोसत नाही आणि नको ती वाक्यं त्याच दोन मिनिटांत बाहेर पडतात. हात मांडीवर, नजर खाली, फोन खिशात आणि आवाज बंद.

नको त्या वाक्यांतली तीनच सांगतो, कारण आपल्याकडे ती चांगल्या मनाची माणसंच बोलतात. पहिलं, "कसं झालं हो?" तुम्ही चाळिसावे असाल. सोमवारची पहाट वैनींनी एकोणचाळीस वेळा सांगितलीय: किती वाजता उठले, काय म्हणाले, रिक्षा कुणी आणली, डॉक्टर काय म्हणाले. प्रत्येक वेळी ती पहाट त्यांच्या अंगावर पुन्हा येते. त्या आपणहून सांगत असतील तर मध्ये न तोडता ऐका. त्यांना सांगायचं असणं आणि तुम्हाला विचारायचं असणं यात फरक आहे. दुसरं, "आता पोरांकडं बघून तुम्हीच घट्ट व्हायला पाहिजे." याचा अर्थ ऐकणाऱ्याला असा लागतो की इथं रडू नका. मग बाई लोकांसमोर रडायची थांबते आणि रात्री एकटी न्हाणीघरात रडते. तिसरं, "काही लागलं तर सांगा." हे बोलायला सोपं आणि वापरायला अवघड. कुणाला सांगायचं, काय सांगायचं, किती मागितलं तर जास्त होईल, हा सगळा हिशेब दुखवट्यातल्या बाईवर पडतो. म्हणून कुणीच फोन करत नाही आणि सगळ्यांना वाटतं त्यांना काही लागलं नाही.

या तिसऱ्याच्या जागी तुमच्यासारख्याकडं काहीतरी नेमकं आहे, ते भावकीकडं नाही. तुम्ही एकाच कारखान्यात. म्हणजे त्याचा पीएफ, ईएसआय, थकलेला पगार, रजेचे पैसे हे कुठल्या टेबलावर आहेत ते तुम्हाला माहीत. वैनींना म्हणा: "गुरुवारी मी ऑफिसात विचारून काय काय कागद लागतात ते लिहून आणतो. तुम्ही यायची गरज नाही. चालेल?" दिवस ठरलेला, काम ठरलेलं, उत्तर फक्त हो किंवा नाही. नोकरीत असताना पीएफचा सभासद गेला तर पीएफ, पेन्शन आणि त्याच खात्याला जोडलेला विमा असे तीन वेगळे दावे असतात. हा विमा सात लाखांपर्यंत मिळू शकतो, आणि कित्येक घरांना तो आहे हेच माहीत नसतं. ईएसआय लागू असेल तर अंत्यविधीच्या खर्चाची रक्कमही मिळते. तुमच्या ऑफिसात विचारलं की कळेल.

इथं सीमाभागातली एक बारीक अडचण आधीच सांगून ठेवतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखाना कळवतो, घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायचं. दाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो. आधारवर एक स्पेलिंग, पीएफमध्ये दुसरं, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, रेशनकार्डावर आडनाव आधी, असं आपल्याकडे घरोघरी असतं. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की एखादं अक्षर हमखास बदलतं. ते नाव पीएफच्या नावाशी जुळलं नाही तर दावा महिनोन्महिने लटकतो. नोंद पक्की व्हायच्या आधी आधार आणि पीएफची पावती शेजारी ठेवून अक्षरं जुळवून बघा. नंतर दुरुस्तीला चपला झिजतात. घरात कन्नड वाचणारं कुणी नसेल आणि तुम्ही वाचत असाल तर शंभर सांत्वनांपेक्षा हे काम मोठं आहे. आणि भावकीतल्या कुणी आधीच एटीएम कार्ड घेऊन पैसे काढायचा विषय काढला असेल तर हळूच सांगा, खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डानं पैसे काढू नयेत. वारसदारांत पुढं वाद होतात.

बोलण्याकडं परत येऊ. दोस्त म्हणून तुमच्याकडं अशी एक गोष्ट आहे जी त्या घरात दुसऱ्या कुणाकडं नाही: सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच तो कसा होता. आईनं मुलगा पाहिला, वैनींनी नवरा, पोरांनी बाप. मशीनवर उभा असलेला तो तुम्हीच पाहिला. त्यातला एक छोटा प्रसंग न्या, एकच. "फार चांगला माणूस होता, सगळ्यांना मदत करायचा" हे कुणाबद्दलही म्हणता येतं, त्यामुळं ते कानावरून जातं. "नवीन पोरगं मशीनवर घाबरलं की हा त्याच्या मागं उभा राहायचा, ओरडायचा नाही, फक्त पान खात बघत बसायचा" असं म्हटलंत तर आई मान वर करून बघेल, कारण हा तिचा मुलगा आणि तिला माहीत नसलेला. प्रसंग निवडताना दोन चाळण्या लावा. त्यातून घरच्यांना ठाऊक नसलेलं पिणं, उधारी, भांडण असलं काही निघत नाही ना? आणि त्यात तुम्ही स्वतः हिरो नाही ना? पानाबद्दल घरी माहीत नसेल तर पानसुद्धा काढून टाका.

नववीतल्या मुलाला प्रत्येक पाहुणा पाठीवर हात ठेवून एकच सांगून गेलेला असणार: आता तूच घरचा कर्ता. चौदा वर्षांच्या पोराला हे वाक्य खरंच वाटतं. मग ते शाळा बुडवून कामधंदा शोधायला लागतं, किंवा आईसमोर रडायचं बंद करतं. तुम्ही त्याला उलटं सांगा: "शाळेत जा. घरचं बघायला मोठी माणसं आहेत." आणि त्याला बाहेर ओट्यावर घेऊन जाऊन दहा मिनिटं क्रिकेटवर किंवा त्याच्या गणितावर बोलला तरी चालेल. या वयाच्या पोरांना समोरासमोर बसून बोलायला जड जातं, शेजारी बसून किंवा चालताना जमतं.

सहा वर्षांची विचारेल, पप्पा कधी येणार. "झोपलेत", "गावाला गेलेत", "देवाघरी गेलेत, येतील" यातलं काहीच म्हणू नका. मेलेलं माणूस परत येत नाही हे साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलाला उमजायला लागतं, आणि नेमकं त्याच वेळी 'झोपलेत' सांगितलं की पोर रात्री झोपायला घाबरतं, आईला झोपू देत नाही. "पप्पा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं. ते परत येणार नाहीत. आई आहे, आजी आहे." एवढंच. ती पुन्हा विचारेल, पुढच्या आठवड्यातही विचारेल. उत्तर तेच, तेवढंच, त्याच शब्दांत. पण हे आधी वैनींना विचारून करा, कारण घरानं काही वेगळं सांगून ठेवलं असेल तर दोन उत्तरं पोराला जास्त त्रास देतात.

हे घर मराठी आहे असं धरून लिहितोय. लिंगायत दोस्ताचं घर असतं तर तिथं दफन असतं, आणि बसवपरंपरेत मृत्यूचं सुतक मानत नाहीत, त्यामुळं दिवसांचा हिशेब वेगळा लागतो. तिथं शेजाऱ्याला विचारूनच जायचं. मोडक्या कन्नडबद्दल संकोच करू नका. नाव, 'बावीस वर्षं एकत्र होतो', आणि गप्प बसणं, याला व्याकरण लागत नाही.

निघताना 'येतो' म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीतच असेल. म्हणून गुरुवारच्या कागदांचं बोलणं उठायच्या आधी, बसलेलं असतानाच करून टाका. उठल्यावर हात जोडायचे आणि चपला घालून निघायचं. दारात उभं राहून नव्यानं विषय काढणारे पाहुणे त्या घराला सगळ्यात जास्त दमवतात.

आता सोड्याचं. तुमच्या प्रश्नातलं मूळ दुखणं मला तिथंच दिसतं, बाकीचं त्याच्याभोवती आहे.

पहिल्या भेटीत हे वैनींना आपणहून सांगू नका. सांगण्यामागं तुमची अपेक्षा असेल की त्यांनी म्हणावं, "तुमचा काय दोष भावजी." म्हणजे सहा दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईनं तुमची समजूत घालायची. सुसान सिल्क या मानसशास्त्रज्ञ आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ साली यासाठी साधी वर्तुळं मांडली. मधोमध ज्याच्यावर कोसळलं ते, त्याभोवती त्याचे जवळचे, मग दोस्त, मग शेजारी. आधार आतल्या वर्तुळाकडं द्यायचा, आपलं रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडं न्यायचं. त्या घरात वैनी, आई, पोरं मधोमध. तुम्ही तिसऱ्या वर्तुळात. याचा अर्थ तिथं डोळ्यांत पाणी येऊ नये असा नाही. येऊ द्या. फक्त लक्ष ठेवा: त्यांनी तुम्हाला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला, तुमच्यासाठी आतून कुणाला बोलावलं, की समजा देणंघेणं उलटं झालं. उठून दोन मिनिटं बाहेर जाऊन या.

पण त्यांनीच विचारलं तर? "तुमच्याजवळ काही बोलले होते का हो?" हे त्यांनी विचारण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा खोटं बोलू नका. "हो. रविवारी छातीत जळजळतंय म्हणाला. मलाही ॲसिडिटीच वाटली, सोडा पी म्हटलं." इथं थांबा. 'माफ करा' जोडू नका, 'मी दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं' जोडू नका. खोटं का नाही, तर त्याच रात्री त्यांनीही बहुधा जिऱ्याचं पाणी दिलेलं असतं किंवा झोपा म्हटलेलं असतं, आणि 'फक्त मलाच कळलं नाही' हे ओझं त्या एकट्याच वाहत असतात. तुमचं सरळ उत्तर ऐकल्यावर निदान एवढं कळतं की हे दुसऱ्यालाही कळलं नव्हतं.

तुमच्या स्वतःसाठी एक काम आहे. कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं वर लिहा, 'रविवारी मला काय माहीत होतं'. उजवीकडं, 'सोमवारी काय कळलं'. आता एकेक गोष्ट टाका. जळजळतंय म्हणाला: डावीकडं. असं आधीही म्हणायचा का, सोड्यानं बरं वाटायचं का: होय असेल तर डावीकडं. त्या दिवशी मटण खाल्लं होतं का, बोलताना हसत होता का, गाडी चालवत घरी गेला का, घाम सुटला होता का, हात किंवा जबडा दुखत होता का: जे खरं ते डावीकडं. ते हृदयाचं दुखणं होतं: उजवीकडं, कारण रविवारी हे कुणालाच माहीत नव्हतं. हृदयाच्या काही झटक्यांत दुखणं पोटाच्या वरच्या भागात जळजळीसारखंच येतं, नुसतं ऐकून डॉक्टरलाही खात्री देता येत नाही. ईसीजी काढावा लागतो, आणि पहिला साफ आला तरी पुन्हा काढावा लागतो. तुमच्या डोक्यात मात्र उजव्या बाजूची ओळ उडी मारून डावीकडं येऊन बसलीय, आणि मन म्हणतं, माहीत असून सोडा दिला.

कागदावर दोन्ही बाजू दिसल्यावर एखादी गोष्ट खरोखर डावीकडं उरू शकते. समजा, घाम सुटलेला दिसला होता आणि दुर्लक्ष केलं. तर ती पुसू नका. पण तिचं नाव नीट ठेवा: ती खंत आहे. अपराधात इजा करायचा इरादा असतो किंवा माहीत असून केलेली हयगय असते. खंत घेऊन माणसाला जगता येतं, आणि त्या खंतीचं पुढं काही करताही येतं. कारखान्यात पस्तिशीपुढच्या कुणाला छातीत जळजळ, त्यात घाम किंवा दम लागला, की सोडा नाही, सरळ ईसीजी असलेला दवाखाना. तिथं पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. ही चिठ्ठी लाइनवर लावायची असेल तर लावा, पण महिनाभरानंतर. आत्ता लावलीत तर प्रत्येक जण तुमच्याकडं बघेल.

हा कागद कुणाला तरी वाचून दाखवा, बाहेरच्या वर्तुळातल्या माणसाला. बायको चालेल. पण तिला आधी सांगा की उत्तर नको, नुसतं ऐक. नाहीतर ती दुसऱ्याच ओळीला "तुझा काय दोष" म्हणेल आणि तुम्ही कागद घडी करून ठेवाल.

बायकोच्या वाक्याबद्दल आणखी. ती निर्दय नाही. आपल्याकडे दोस्ताच्या दुःखाला जागाच ठेवलेली नाही. इथल्या पेपरातली निधनवार्ता बघा: 'त्यांच्या पश्चात आई, पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, भाऊ, भावजय, पुतणे असा परिवार आहे.' बावीस वर्षांचा दोस्त त्या ओळीत कुठंच नाही. सुतक नाही, मुंडण नाही, दुखवट्याचे कपडे नाहीत, कारखान्यात रजा मागायला कारण नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८०च्या दशकात अशा दुःखाला नाव दिलं, मराठीत म्हणायचं तर हक्क नाकारलेलं दुःख. विधी भावकीला तेरा दिवस हातात काहीतरी काम देतात, कोण कुठं बसणार हे ठरवून देतात. तुम्हाला काहीच ठरवून दिलेलं नाही, म्हणून ते दुःख रात्री दोन वाजता येतं.

त्याला दिवसा जागा द्या. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, कारखान्यातून परतताना किंवा अंघोळीआधी. त्या वेळात त्याचे फोटो बघा, जुने मेसेज वाचा, वहीत त्याला उद्देशून दोन ओळी लिहा, रडा. वीस मिनिटं झाली की उठून हातपाय धुवा आणि एखादं काम हातात घ्या, भाजी आणणं का होईना. दिवसभर दुःखात बुडून राहणाऱ्याचं आणि दिवसभर कामात लपणाऱ्याचं, दोघांचंही बिघडतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दुःखाच्या अभ्यासकांनी १९९९ साली हेच मांडलं की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यात ये-जा करत राहतो, आणि ती ये-जा चालू असणं म्हणजेच ठीक चाललंय. त्यामुळं चहाच्या टपरीवर एखाद्या विनोदाला हसलात म्हणून मनाला खाऊ नका.

झोपेसाठी: उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारी चारनंतर चहा बंद. अंथरुणात अंदाजे वीस मिनिटं डोळे टक्क उघडे राहिले तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, झोप आली की परत. शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका. आणि दोस्तमंडळी म्हणतील, 'त्याच्या नावानं एकदा बसूया.' दारूनं डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. तुमची अडचण नेमकी रात्री दोनची आहे, तिथंच ती जास्त बोचेल. बसायचंच असेल तर दिवसा, जेवायला बसा.

तुमच्या वयाचा माणूस हृदयानं गेला की त्याच्या दोस्तांच्याही छातीत धडधडायला, टोचायला लागतं. एकदा डॉक्टरकडं जाऊन ईसीजी काढून घ्या. साफ आला तर दर आठवड्याला काढायला जाऊ नका. पण छातीत दाब, घाम, हात किंवा जबड्याकडं जाणारी कळ, असं काही झालं तर 'मनाचं असेल' म्हणून घरी बसू नका.

वैनींच्या घरी तुमची खरी गरज चौदाव्या दिवशी सुरू होते. तोपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. तेराव्याचं जेवण उरकलं की भावकी गाडीत बसते, मंडपवाला सतरंज्या नेतो, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा घरात चौघंच उरतात. दर दुसऱ्या रविवारी अर्धा तास, बायकोसह, असं तीन महिने तरी धरा. फोन दुपारी करा, रात्री नको. गल्लीच्या तोंडाला मंडळानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला असेल तर तेराव्यानंतर मंडळाच्या पोरांना सांगून उतरवा. दूध आणायला जाताना रोज सकाळी नवऱ्याचा सहा फुटी चेहरा बघायची सक्ती कुणावर नको. उतरवण्याआधी वैनींना विचारा, काहींना तो राहावा वाटतो. घडी करून त्यांच्याकडंच द्या, टाकून देऊ नका.

पैशाचे व्यवहार असतील तर तेराव्यापर्यंत तोंडातून काढू नका. तुम्ही त्याचं काही देणं लागत असाल तर तेराव्यानंतर आकडा कागदावर लिहून, वैनी आणि त्यांच्या माहेरचं कुणी अशा दोघांसमोर द्या. भिशी चालू असेल तर त्याच्या नावाचं काय करायचं हे बाकीच्यांशी आधी ठरवून मगच घरी बोला, चार जणांचे चार फोन नकोत. आणि सोसायटीच्या कर्जाला तुम्ही त्याचे जामीनदार असाल, जे आपल्याकडे दोस्तांत सर्रास असतं, तर कर्जदार गेल्यानं तुमची जबाबदारी संपत नाही. कर्जाला विमा होता का हे सोसायटीत जाऊन स्वतः विचारा. हे विचारताना अपराधी वाटेल. दुःख आणि हप्त्याची काळजी एकाच वेळी असणं यात विश्वासघात नाही.

त्याचे फोटो तुमच्या फोनमध्ये असतील. स्टेटसला टाकायची घाई नको. तीन-चार निवडून प्रिंट काढा, पाठीमागं कुठं, कधी, कुणाबरोबर ते पेनानं लिहा आणि महिन्याभरानं न्या. त्याचा आवाज असलेले मेसेज पुसू नका, दुसरीकडं उतरवून ठेवा. पण ते वैनींना सरळ पाठवू नका. आधी विचारा: "त्याचा आवाज आहे माझ्याकडं. पाहिजे तेव्हा सांगा." काहींना त्याच दिवशी हवा असतो, काहींना दोन वर्षांनी.

पहिली दिवाळी त्या घरात होणार नाही, तळण लागणार नाही. बाहेरच्यांनी फराळ द्यायची रीत आहेच, तो धनत्रयोदशीला दुपारी तुमच्याकडून जाऊ द्या, डबा परत न मागता. पोरांसाठी थोडे फटाके न्यायचे की नाही हे वैनींना फोनवर आधी विचारा.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत एक मर्यादा लक्षात ठेवा. पहिले काही आठवडे झोप, भूक, लक्ष यांचा बट्ट्याबोळ होणं चालायचंच, आणि तो हळूहळू मधूनमधून सैल पडतो. सहा महिने उलटूनही जवळपास रोज तीच ओढ, कामावर जाणं जमत नाही, त्याच्या मशीनकडं बघवत नाही म्हणून पाळी बदलून घेतली, सोड्याचा विचार तसाच घट्ट, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडं जा. जगून काय करायचं असं मनात आलं तर सहा महिने कशाला, त्याच दिवशी बोला. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस सेवा चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.